आत्याचे शेअर आणि आखाजीचा डिव्हिडंड

आमच्या साख समितीत, म्हणजे पतसंस्थेत, नफा आधी वाटत आणि मग मोजत. हसू नका. वर्षानुवर्षं हे चाललं आणि सगळं सुशिक्षित माणसांच्या सह्यांनी चाललं. वर्ष संपतं एकतीस मार्चला. त्यानंतर हिशेब, मग ऑडिट, मग सप्टेंबरच्या आत आमसभा, आणि आमसभेनं हात वर केले की सभासदांना डिव्हिडंड. असा कायदा. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते भर उन्हाळ्यात. लेकी माहेरी येतात, घरात पुरणाचे मांडे, आंब्याचा रस. अशा वेळी आमच्या अध्यक्षांना सप्टेंबरपर्यंत दम कुठला निघायला? "लेकीबाळी घरी आल्यावर सभासदाच्या हाती पैसा नको का?" असं म्हणायचे आणि आखाजीच्या आधीच बारा टक्के डिव्हिडंड वाटून मोकळे व्हायचे. कागदावर नाव 'अॅडव्हान्स'. सप्टेंबरात आमसभा त्याला मंजुरी द्यायची आणि वर मावा जिलेबी खायची. आधी बारसं, मग लग्न.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत टेलरच्या दुकानाखाली आमचं ऑफिस. मी तिथं मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे खुर्चीचं नाव. कॅशियर सुट्टीवर गेला की कॅशियरही मी आणि कूलर बंद पडला की मिस्त्रीही मी. आणि काही चुकलं की ते मॅडमनी केलं, काही बरं झालं की ते संचालक मंडळानं केलं. ही वाटणी कुठल्याही पोटनियमात लिहिलेली नव्हती, पण तिची अंमलबजावणी मात्र चोख होती.

समितीचं भांडवल म्हणजे सभासदांचे शेअर. कर्ज पाहिजे असेल त्यानं सभासद व्हायचं, आणि कर्जातला दहावा हिस्सा शेअर म्हणून कापून ठेवायचा. ज्यांना कर्ज नको असायचं तेही शेअर घ्यायचे, कारण बँकेत एवढं व्याज मिळत नाही आणि इथं बारा टक्के. आता ठेव आणि शेअर यात फरक आहे. ठेवीला तारीख असते, व्याज ठरलेलं असतं. शेअर म्हणजे मालकी. नफा झाला तर वाटा मिळेल, आणि तोटा झाला, गंगाजळीनंही तो भागला नाही, तर पहिला घाव शेअरवर. हे मी प्रत्येकाला सांगायची. पहिलं वाक्य सगळ्यांना ऐकू यायचं. दुसऱ्या वाक्याला नेमका बाहेर ट्रकचा हॉर्न वाजायचा.

माझी आत्या त्यातलीच. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, जवळच्या शाहपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. निम्म्या शाहपूरला तिनं सुया टोचल्यात, त्यामुळे निम्मं शाहपूर तिला अजून टरकून असतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भाऊ म्हणजे माझे वडीलही गेले. आता तिला मी आणि मला ती. निवृत्त झाली तेव्हा आलेली रक्कम तिनं थेट आमच्या समितीच्या शेअरमध्ये घातली. मी म्हटलं, "आत्या, मुदत ठेव कर, थोडं कमी मिळेल पण अंगाला लागेल." तर म्हणते कशी, "तू मॅनेजर आहेस का दुश्मन? अध्यक्षांनी शाहपूरच्या सभेत सांगितलं, बारा टक्के म्हणजे पक्का बारा टक्के." अध्यक्षांनी सांगितलं म्हणजे देवानंच सांगितलं. त्यांची केळीची मोठी आडत होती, पांढरे कपडे होते आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं स्वतःहून खिसा उलटा करावा.

पुढं आत्याचे गुडघे गेले. घर तिचं अरुंद. खाली अंगण आणि अडगळ, राहायची खोली वर. जिना असा उभा की धडधाकट माणसानंही कठड्याला हात घालावा. आत्या बसून बसून, एकेक पायरी ढुंगणानं घासत उतरायची. मी पाहिलं एकदा. हिनं उभ्या जन्मात कोणापुढं मान वाकवली नाही, आणि ती अशी उतरत होती. खाली अंगणात एक खोली आणि संडास बांधायचा, पावसाळ्याआधी, एवढीच तिची मागणी. त्यासाठी तिनं त्या वर्षी फेब्रुवारीत अर्ज दिला: सभासदत्व सोडते, शेअर परत द्या.

शेअर परत मिळतात. मूळ किमतीला मिळतात, मंडळानं मंजूर केल्यावर मिळतात, आणि एका वर्षात समितीच्या एकूण भांडवलाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त परत करता येत नाहीत, असा आमचा पोटनियम. आत्याची रक्कम त्या मर्यादेत आरामात बसत होती. फक्त तेवढी रोकड पाहिजे होती. मी बँकेतली शिल्लक काढली आणि डोक्याला हात लावला. दरवर्षी आमचा नफा फुगत चाललेला, अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेला, आणि बँकेत पाहिलं तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

का, ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आमच्याकडे मार्चअखेरीला 'पलटी' मारत.

अध्यक्षांनी मुलाच्या नावानं केळी पिकवायच्या चेंबरसाठी मोठं कर्ज घेतलं होतं आणि त्याला जामीन ते स्वतः. चेंबर झाला, केळी पिकली, विकली गेली, कर्जाचा हप्ता मात्र कच्चाच राहिला. मग दर एकतीस मार्चला काय व्हायचं, तर जुनं कर्ज आणि त्यावरचं वर्षाचं व्याज, दोन्ही मिळून होईल तेवढ्या रकमेचं नवं कर्ज त्याच मुलाला मंजूर व्हायचं आणि त्यातून जुनं फेडलं असं लिहायचं. एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण कर्ज ताजं, थकबाकी शून्य, आणि व्याज 'वसूल'! ते वसूल व्याज उत्पन्नात, उत्पन्नाचा नफा, नफ्यातला चौथा हिस्सा गंगाजळीला, थोडं सहकार शिक्षणाच्या निधीला, उरलेल्यातून डिव्हिडंड. वर नवं कर्ज मोठं म्हणून त्यातला दहावा हिस्सा मुलाच्या शेअरला. म्हणजे न फेडलेल्या कर्जातून शेअर, आणि त्या शेअरवर पुन्हा बारा टक्के. वा रे पठ्ठे! मी कॉमर्स शिकले पण ही कला मला कोणी शिकवली नाही.

व्याज कागदी, पण डिव्हिडंड तर रोखीत द्यावा लागतो. तो कुठून यायचा? नव्या शेअरच्या पैशातून, नव्या ठेवींतून. आत्यानं रक्कम भरली त्याच वर्षीच्या आखाजीला ती वाटली गेली होती. त्यातलाच चिमूटभर तिला 'डिव्हिडंड' म्हणून मिळाला आणि तिनं अध्यक्षांना आशीर्वाद दिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले. सोबत मुलाच्या नव्या कर्जाचा अर्ज, भरलेला, जामिनाच्या सहीसकट.

"ताई, नेहमीचं करून टाका."

"भाऊ, यंदा पैसे भरा आणि मग नवं कर्ज घ्या. आत्याचे शेअर परत करायचेत, बँकेत रोकड नाही."

"तेवढ्यासाठी? आत्याबाईंना म्हणावं थोडं थांबा, आखाजीला डिव्हिडंड घ्या, आनंद करा." ते हसले. "आणि पलटी नाही मारली तर व्याज धरता येणार नाही. व्याज नाही तर नफा नाही. लोक तुम्हालाच विचारतील, आमच्या आखाजीचं काय केलं म्हणून."

"मलाच विचारतात भाऊ. कूलरचंही मलाच विचारतात."

"आणि माझं नाव थकबाकीत येईल त्याचं काय?"

"जामीनदार म्हणून येईल. बारा महिने राहिलं तर संचालकपदही जातं, कायदाच आहे."

त्यांचं हसू गेलं. अर्ज टेबलावर तसाच ठेवून ते उठले. बाकीचे संचालक त्या दिवशी आले, चहा प्याले आणि "मॅडम बघतील" म्हणून गेले. मॅडमनी बघितलं. मॅडमनी पलटी मारली नाही. शूर वगैरे नव्हते मी, रात्री जेवण जाईना. पण त्या अर्जाखाली आत्याचा अर्ज पडला होता आणि मला नुसता राग येत होता, अध्यक्षांचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या सहीचा.

मग हिशेब सरळच झाला. न मिळालेलं व्याज थकीत व्याजाच्या खात्यावर बाजूला काढलं, ते नफ्यात धरायचं नाही. कर्ज बुडीत निघालं तर म्हणून तरतूद केली. नफा आटून एवढासा राहिला. त्यातून चौथा हिस्सा गंगाजळीला, शिक्षण निधीला द्यायचं ते दिलं, उरलं ते वाटायला घेतलं असतं तर सभासदाला एकेक कडक चहा आला असता. ऑडिटर नवे होते, त्यांनी मान डोलावली. आखाजी आली आणि डिव्हिडंड आला नाही.

अरे बापरे! शिव्या खाव्यात तर बुऱ्हाणपुरात. मराठीत मिळतात, हिंदीत मिळतात, आणि कोणी शाहपूरकडचा असेल तर खानदेशीत व्याजासकट मिळतात. टेलरसुद्धा माझ्याकडे पाहून सुई ओढायचा थांबायचा. "मॅडमनी पैसा खाल्ला" इथपासून "मॅडमला अध्यक्ष व्हायचंय" इथपर्यंत सगळं ऐकलं. ज्यानं व्याज दिलं नाही त्याला कोणी काही विचारलं नाही. तो पांढऱ्या कपड्यात लोकांचं सांत्वन करत हिंडत होता.

आखाजीला मी शाहपूरला गेले. आत्या वरच्या खोलीत पलंगावर बसलेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"खोलीचे पैसे नाही, डिव्हिडंड नाही. दोन्हीकडून मारलं तू मले."

"आत्या, तो नफाच नव्हता गं. ऐक तर."

"गेल्या साली होता, त्याच्या गेल्या साली होता, तू हिसाब करायला बसली आणि गेला? बाप्पा बाप्पा! तुले कोणाचं बरं झालेलं पाहवत नाही. लहानपणापासूनची सवय आहे तुझी."

मी उठले. जिना उतरताना वरून आवाज आला, "कठडा धर, पडशील." त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद.

एक मात्र झालं. आखाजीला पैसा वाटला गेला नाही म्हणून तो बँकेत राहिला. हप्ते येत गेले तशी रोकड साठली आणि ऑगस्टअखेर आत्याच्या शेअरपुरती झाली. मी तिचा अर्ज मंजुरीसाठी मंडळापुढं ठेवला. अध्यक्षांनी तो 'पुढील सभेत' म्हणून ठेवून दिला.

आणि मग आमसभा आली. मंगल कार्यालयात, खुर्च्या नवरानवरीच्या, बाहेर जिलेबीची कढई. आत्या आली होती, शाहपूरच्या चार जणांसोबत भाड्याच्या गाडीत. माझ्याकडे न पाहता पुढच्या रांगेत बसली.

अध्यक्ष उठले. म्हणाले, नफा कमी दिसतोय हे तांत्रिक कारण आहे. पण समिती तुमची आहे, आणि तुमच्याच नफ्यातून दरवर्षी कापून ठेवलेली मोठी गंगाजळी जिल्हा बँकेत ठेव म्हणून पडून आहे. ती कशासाठी? अडीअडचणीसाठी. मग अडचण आली आहे! तिच्यातून बारा टक्के डिव्हिडंड द्यावा, असा मी ठराव मांडतो. अनुमोदन?

टाळ्यांचा कडकडाट. आणि पहिला हात कोणाचा वर गेला? माझ्या आत्याचा.

मला बोलायचं होतं ते सगळं पाठ केलेलं विसरले. माइक घेतला आणि जे आलं ते बोलले. म्हटलं, गंगाजळी वाटायची नसते, कोणा एकाची नसते, समिती सोडून जाणाऱ्यालाही तिच्यातला वाटा मिळत नाही. ती ठेव मोडायला रजिस्ट्रारची परवानगी लागते आणि डिव्हिडंडसाठी ती मिळणार नाही. पण परवानगीचं सोडा. एक मोठं कर्ज आज थकलंय. ते बुडालं तर तो खड्डा भरायला पहिल्यांदा गंगाजळी आहे. ती तुम्ही आज खाल्ली तर उद्या खड्डा तुमच्या शेअरनी भरायचा. आज बारा रुपये घ्याल आणि उद्या शंभरातले किती राहतील ते मला सांगता येणार नाही. गेल्या वर्षांत जे बारा मिळाले तेही नफ्याचे नव्हते. जे नवे शेअर आले तेच पैसे जुन्यांना वाटले. माझ्या आत्यानं भरले, ते तुम्ही घेतले. तिलाही तिच्यातलेच मिळाले.

दोन-चार माना डोलल्या. जिलेबीवाल्यानंही झारा थांबवला असेल. पण अध्यक्ष कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हसत उठले.

"मॅडमनी आत्याचं नाव काढलं ते बरं केलं. मला काढायचं नव्हतं. सभासदहो, यांच्या आत्याचा शेअर परतीचा अर्ज आहे. तुमचा आखाजीचा डिव्हिडंड अडवून जी रोकड जमली, तिच्यातून सगळ्यात आधी कोणाला पैसे देण्याचा प्रस्ताव मॅडमनी मांडला, माहीत आहे? आत्याला! म्हणजे गंगाजळी कोणासाठी राखायची, ते तुम्हीच समजा."

झालं. "घरचीच समिती आहे का?" "बंद करा माइक!" कोणी खुर्ची आपटली. मी काय सांगणार होते? अर्ज होता, रोकड होती, प्रस्ताव मीच मांडला होता. शब्दन् शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मग आत्या उठली. उठायला तिला वेळ लागला, पुढच्या खुर्चीची पाठ धरून. शाहपूरचे लोक सवयीनं गप्प झाले, त्यांचं पाहून बाकीचे.

"ते पैसे माझेच मले वाटले, हे खरं का?" हे अध्यक्षांना.

"आत्याबाई, हिशेबाच्या गोष्टी अशा..."

"खरं का खोटं?"

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"एका हातातून रक्त काढून दुसऱ्या हातात चढवायचं, आणि पेशंटले सांगायचं, तब्येत सुधरून राहिली," आत्या म्हणाली. "चाळीस वर्ष दवाखान्यात काढली, असा डॉक्टर नाही पाहिला मी."

कोणीतरी हसलं. ती हसली नाही. माझ्याकडे वळली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"माझा अर्ज कुठाय?"

"फाइलीत आहे आत्या."

"मी मागे घेते. लिहून घे, इथंच. माझे शेअर राहू द्या समितीत. मले खोली नको." ती सभेकडे वळली. "आता सांगा रे, पोरीनं कोणासाठी राखलं? आणि तो हात मी वर केला होता तो खाली घेतला. गंगाजळीच्या फंडाला हात लावायचा नाही."

ठरावाला मतं घेतली. एका सभासदाचं एक मत, शेअर कितीही असोत. मोजायची वेळ आली तेव्हा हात एवढे थोडे होते की अध्यक्षांनी स्वतःच 'ठराव मागे' म्हणून टाकलं आणि सगळ्यांना जिलेबीकडे पाठवलं. त्यांचं पद पुढल्या उन्हाळ्यात गेलं, वसुलीचा दावा लागला, मुलाचे शेअर कर्जात वळते झाले. तो सगळा रीतसर इतिहास ऑफिसात वाचायला मिळेल. शेअर परतीसाठी मात्र आत्यानं पुन्हा अर्ज केला तरी तिचं नाव रांगेत शेवटी लागणार होतं. अर्ज मागे घेतलेल्याला जुना नंबर मिळत नाही. ते मीच तिला सांगितलं, गाडीत बसल्यावर. ती म्हणाली, "माहीत आहे. तू सांगशीलच, वाटलं होतं."

शाहपूरला उतरलो तेव्हा पाऊस पडून गेला होता, अंगणात चिखल. जिथं खोली होणार होती तिथं तिनं आधीच विटांचा एक ढीग आणवून ठेवला होता, ओला, शेवाळलेला. मी काहीबाही बोलत होते, पुढल्या वर्षी नक्की करू, माझ्याकडे राहायला चल, असं. तिनं ऐकून घेतलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून चपला काढल्या आणि दोन्ही हात माझ्याकडे वर केले.

"फंड राहिला ना तुझा? चल मग, मले वर ने."